गोदामातला हरभरा पावसाळ्यात का बिघडतो? ओलावा, भुंगेरे आणि थप्पीचं गणित

मार्चमध्ये हरभरा निघतो, तेव्हा बाजारात सगळ्यांचाच माल एकदम येतो आणि भाव दबलेला असतो. म्हणून मराठवाड्यात आणि विदर्भात बरेच शेतकरी माल विकत नाहीत, गोदामात ठेवतात. पावती मिळते, त्या पावतीवर तारण कर्जही मिळतं, आणि भाव चढला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विकायचं असं ठरतं. आता ही पावती इलेक्ट्रॉनिकही असते. तिच्यावर मालाचं वजन, प्रत, मुदत असं सगळं मोबाइलवर दिसतं. दिसत नाही ती एकच गोष्ट: त्या पोत्यांच्या आत आज काय चाललंय.

मार्च ते सप्टेंबर या काळात अख्खा पावसाळा मध्ये येतो. त्या सहा महिन्यांत धान्याचं नेमकं काय होतं आणि ते कसं ओळखायचं, हे आपण एक उदाहरण धरून बघू. समजा तुमच्या घरचा १०० क्विंटल हरभरा आहे, ५० किलोची २०० पोती. गोदामात ठेवताना ओलावा १० टक्के होता.

ओलावा १० टक्के म्हणजे काय?

१०० किलो हरभऱ्यात १० किलो पाणी आणि ९० किलो कोरडा माल, एवढा साधा अर्थ. दाणा हाताला खडखडीत लागला तरी त्यात पाणी असतंच. गोदामात किंवा आडतीवर ते मॉइश्चर मीटरने मोजतात. हे मीटर दाण्यांतली विजेची वागणूक मोजून अंदाज सांगतं, त्यामुळे त्यात पीक बरोबर निवडलेलं असावं लागतं. गव्हाच्या सेटिंगवर हरभरा मोजला तर येणारा आकडा कामाचा नाही. सेटिंग बरोबर असूनही अर्धा-एक टक्का इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून एकाच वाचनावर भांडण करू नका. वेगवेगळ्या पोत्यांतून चार-पाच नमुने घेऊन सरासरी काढा.

घरी मीटर नसेल तर एक ढोबळ चाचणी आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि थोडं कोरडं मीठ घालून मिनिटभर हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे असं समजा. चिकटलं नाही म्हणून माल पावसाळाभर ठेवण्याइतका कोरडा आहे असं मात्र होत नाही. १३ टक्क्यांचा हरभराही या चाचणीत आरामात पास होईल, आणि तो जुलैत त्रास देईल.

पावसाळा ओलांडून ठेवायचा हरभरा आत जाताना १० टक्क्यांच्या आसपास असावा. मार्चच्या उन्हात हे जमतं. अडचण पुढे येते.

दाणा हवेतलं पाणी पितो

धान्य आणि त्याच्या भोवतीची हवा यांच्यात पाण्याची देवाणघेवाण सतत चालू असते. हवा दमट असेल तर दाणा पाणी ओढून घेतो, कोरडी असेल तर सोडतो, आणि काही दिवसांनी दोघांचा तोल जमतो. हरभऱ्यात साधारण १२ टक्के ओलावा असेल तर दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या जवळपास असते. बुरशीला हवी असलेली परिस्थिती ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे सुरू होते. म्हणजे १२ टक्के हा काठ आहे, त्यापुढे घसरण. मालाचा ओलावा १० वरून १२ वर जाणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्याने तुम्ही काठावर येता.

आता इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

आपल्या १०० क्विंटलमध्ये ९० क्विंटल कोरडा माल होता. पावसाळ्यात ओलावा १२ टक्के झाला आणि बाकी काहीच बिघडलं नाही, तर तो ९० क्विंटल म्हणजे आता एकूण वजनाच्या ८८ टक्के. ९० भागिले ०.८८ करा: १०२.२७ क्विंटल. वजन सव्वादोन क्विंटलने वाढलं! यातला एकही दाणा नवा नाही, ते हवेतलं पाणी आहे.

उलट बाजूने बघा. सप्टेंबरमध्ये वजन केलं आणि बरोबर १०० क्विंटल भरलं. सगळे खूश, घट शून्य. पण ओलावा १२ टक्के असेल तर त्यात कोरडा माल ८८ क्विंटलच आहे. ठेवला होता ९०. म्हणजे दोन क्विंटल हरभरा गेला, आणि त्याची जागा पाण्याने घेतली. काट्यावर हे दिसत नाही. म्हणून ठेवताना आणि काढताना वजनाबरोबर ओलाव्याचा आकडाही लिहून घ्या. फक्त वजनाच्या दोन पावत्या जुळवून माल सुरक्षित होता असं म्हणता येत नाही.

ते दोन क्विंटल कुठे गेले, ते पुढे येईलच. आधी दाराचा प्रश्न.

गोदामाचं दार कधी उघडायचं? मोबाइलवर बघा

गोदामात कोंदट वाटलं की दार-खिडक्या उघडतात. हे कधी बरोबर असतं, कधी साफ चूक. ठरवायला लोक हवामानाच्या ॲपमधली आर्द्रता बघतात, आणि तिथेच फसतात. कारण ती टक्केवारी बाहेरच्या तापमानावर अवलंबून असते. गरम हवेत बरंच पाणी असूनही टक्केवारी कमी दिसते.

त्याऐवजी त्याच ॲपमध्ये थोडं खाली Dew point असा आकडा असतो, तो बघा. मराठीत याला दवबिंदू म्हणतात. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातल्या पाण्याचं दव होऊ लागेल, ते तापमान. हवेत खरोखर किती पाणी आहे याचा हा सरळ अंदाज आहे.

आपल्या गोदामात हरभरा २८ अंशांवर आहे आणि त्याच्या दाण्यांमधली हवा ६५ टक्के दमट आहे असं धरू. या हवेचा दवबिंदू येतो साधारण २१. म्हणजे बाहेरचा दवबिंदू २१ पेक्षा बराच कमी असेल तर आत येणारी हवा मालातलं पाणी घेऊन जाईल. जास्त असेल तर पाणी आणून देईल.

आता दोन दुपारी बघा. पहिल्या दुपारी ॲप सांगतं ३२ अंश, आर्द्रता ५८ टक्के. ऊन आहे, टक्केवारी कमी आहे, कोणीही दार उघडेल. पण दवबिंदू आहे जवळपास २३. हीच हवा आत येऊन २८ अंशांच्या मालाला लागली की तिची आर्द्रता ७३ टक्के होते. म्हणजे उघडं दार माल भिजवतंय. दुसऱ्या दुपारी ३१ अंश आणि ५० टक्के, दवबिंदू १९ च्या थोडा वर. आज उघडा. दोन्ही दुपारी अंगाला जवळपास सारख्याच लागतात, पण एकीत नुकसान आहे आणि दुसरीत फायदा.

ॲपमधला आकडा तुमच्या गोदामाच्या दाराशी मोजलेला नसतो, हे लक्षात असू द्या. एखादा छोटा डिजिटल तापमान-आर्द्रता मापक थेट पोत्यांच्या मधोमध ठेवला तर जास्त चांगलं. ब्लूटूथवाला असेल तर थप्पी न हलवता वाचता येतो. तिथे आर्द्रता ६५ च्या खाली राहिली तर निवांत राहा. आठवडाभर सत्तरच्या वर राहिली तर माल हलवून बघायची वेळ आली.

थप्पी: पोती रचायचीही पद्धत असते

पोती एकावर एक रचून केलेल्या ढिगाला थप्पी म्हणतात. चांगली थप्पी बघितली की तिचा उपयोग कळतो.

पहिली गोष्ट, पोतं जमिनीला टेकता कामा नये. सिमेंटची फरशी कोरडी दिसली तरी खालचा ओलावा वर ओढते. म्हणून खाली लाकडी फळ्यांच्या चौकटी टाकतात, किंवा दोन बांबूच्या चटयांच्या मध्ये प्लास्टिकचा कागद अंथरतात. गोदामवाले याला डनेज म्हणतात. हे नसेल तर सगळ्यात खालच्या थरातली पोती तळातून काळी पडतात, आणि वर ९ थर असल्यामुळे ते काढेपर्यंत कोणाला दिसतच नाही.

दुसरी गोष्ट, थप्पी भिंतीला टेकू नये. साधारण अडीच-तीन फुटांची वाट चारही बाजूंनी हवी. पावसाची झड भिंतीतून झिरपते हे एक कारण. त्याहून मोठं कारण म्हणजे माणसाला चारही बाजूंनी फिरून बघता, झाडता आणि फवारता आलं पाहिजे, आणि धुरी देताना ताडपत्री खालपर्यंत सोडता आली पाहिजे. जागा वाचवायला भिंतीला चिकटवलेली थप्पी मागच्या बाजूने कोणीच बघत नाही, आणि उंदरांना नेमकी तीच बाजू आवडते. वर छतापर्यंतही रचू नका. पत्रा दुपारी तापतो, रात्री थंड होतो, आणि पत्र्याखाली जमलेलं दव थेट वरच्या पोत्यांवर ठिबकतं.

तिसरी गोष्ट, मोजणी. आपल्या २०० पोत्यांची थप्पी म्हणजे एका थरात २० पोती आणि असे १० थर. एक थर उभा तर पुढचा आडवा, म्हणजे पोती एकमेकांत अडकतात आणि थप्पी कलत नाही. प्रत्येक थरात सारखीच पोती असली की बाहेरून थर मोजून आकडा पडताळता येतो. थप्पीला कार्ड लावलेलं असतं: माल कोणाचा, पोती किती, कधी आली, शेवटची तपासणी आणि फवारणी कधी. गोदामात गेलात तर आधी ते कार्ड वाचा. शेवटची नोंद एप्रिलची असेल आणि तुम्ही ऑगस्टमध्ये उभे असाल, तर प्रश्न विचारायला ते पुरेसं आहे.

भुंगेरे शेतातूनच येतात

आता ते हरवलेले दोन क्विंटल. हरभरा, तूर, मूग, चवळी या कडधान्यांचा मुख्य शत्रू म्हणजे कडधान्यावरचा भुंगेरा. तपकिरी, तीन-चार मिलिमीटरचा. मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते, ती पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसतात. अळी अंड्यातून थेट दाण्याच्या आत घुसते, आतच खाते, आतच कोष करते. बाहेर येतो तो पूर्ण वाढलेला भुंगेरा, आणि मागे राहतं एक गोल भोक. म्हणजे भोक दिसलं तेव्हा त्या दाण्याचं नुकसान होऊन गेलेलं असतं. खरी खूण ते पांढरे ठिपके आहेत, आणि ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून छान दिसतात. तपासणीसाठी एवढा सोपा मार्ग दुसरा नाही.

बऱ्याचदा सुरुवात शेतातच होते, पिकत आलेल्या घाट्यांवर. उरलेली जुन्या बारदान्यातून. मागच्या वर्षीचे पोते तसेच वापरले की त्याच्या शिवणीतले भुंगेरे नव्या मालात जातात. नवं पोतं घ्या, किंवा जुनं उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवा.

३० अंश आणि दमट हवा असेल तर अंड्यापासून भुंगेरा व्हायला महिनाभर लागतो. एक मादी ८०-१०० अंडी घालू शकते. सगळी जगत नाहीत. समजा एका मादीमागे पुढच्या पिढीत १० माद्या उरल्या. मार्चअखेर एक, एप्रिलअखेर १०, मेअखेर १००, जूनअखेर १,०००, जुलैअखेर १०,०००. एप्रिल-मेमध्ये पोत्यात हात घातला तर काहीच सापडत नाही. ऑगस्टमध्ये थप्पीवर भुंगेरे चालताना दिसतात आणि लोक म्हणतात, अचानक कीड लागली. अचानक काहीच नव्हतं.

हे किडे श्वास घेतात, उष्णता आणि वाफ सोडतात. दाणे उष्णता पटकन बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून थप्पीच्या पोटात एखादी जागा गरम आणि दमट होते, आणि मग बुरशीही तिथेच धरते. हे तपासायची जुनी युक्ती अजून चालते: पोत्यात लोखंडी सळई खोल खुपसा, दहा मिनिटं ठेवा, काढून हात लावा. एका जागची सळई बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर तिथलं पोतं उघडून बघायलाच हवं. नमुना नेहमी थप्पीच्या चारही बाजूंनी, वरून आणि शक्य तितक्या आतून घ्या. पुढच्या दोन पोत्यांवरून काही कळत नाही.

धुरी देऊनही भुंगेरे परत का येतात?

गोदामात दोन वेगळी कामं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. फवारणी भिंतींवर, वाटांवर आणि पोत्यांच्या बाहेरून होते. मॅलॅथिऑनचा असर साधारण पंधरवडा टिकतो, डेल्टामेथ्रिनचा तीनेक महिने. ही फवारणी बाहेरून येणाऱ्या किड्याला अडवते, दाण्याच्या आतल्या अळीपर्यंत पोचत नाही. धान्यावर थेट ती करायचीही नसते.

आतल्या अळीसाठी धुरी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडतात. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम वायू निघतो, आणि तो दाण्याच्या आत शिरतो. पण चालता-फिरता भुंगेरा लवकर मरतो, अंडी आणि कोष मात्र चिवट असतात. त्यांच्यासाठी वायू सात-दहा दिवस पुरेशा प्रमाणात कोंडून ठेवावा लागतो. म्हणून थप्पीवर जाड, भोक नसलेली प्लास्टिकची ताडपत्री टाकतात आणि तिच्या कडा जमिनीवर वाळू भरलेल्या लांब पिशव्यांनी दाबतात.

नेहमीची चूक इथेच होते. ताडपत्री फाटकी असते, कडेला विटा ठेवलेल्या असतात, आणि तीन दिवसांत उघडतात. खाली मेलेले भुंगेरे दिसतात, काम झालं असं वाटतं. दोन-तीन आठवड्यांनी कोषातले बाहेर येतात. शिवाय असा अर्धवट वायू लागून जे वाचतात त्यांच्या पिढ्या फॉस्फिनला दाद देईनाशा होतात, भारतातल्या गोदामांतल्या अनेक किड्यांमध्ये हे आढळलेलं आहे. आणि धुरीचा असर नंतर उरत नाही. ताडपत्री काढली की दुसऱ्या दिवशी नवी मादी येऊन अंडी घालू शकते, म्हणून फवारणी आणि झाडलोट धुरीबरोबरच लागते.

या गोळ्या घरात, कोठीत, राहत्या जागेच्या शेजारी कधीही वापरायच्या नाहीत. हा वायू माणसालाही तसाच मारतो. लसणासारखा वास येईपर्यंत थांबू नका, वास न येताही धोका असतो. ही कामं प्रशिक्षित आणि परवानाधारक माणसांचीच. एक छोटी गोष्ट तुमच्यासाठी: फॉस्फिन तांब्याला गंजवतो, तेव्हा पोत्यांत ठेवलेला तो ब्लूटूथ मापक धुरीच्या आधी काढून घ्या, नाहीतर पुढचं वाचन येणार नाही.

घरी खायला किंवा बियाण्याला चार-दोन क्विंटल ठेवायचे असतील तर हवाबंद थराची पिशवी हा बरा पर्याय आहे. आतले किडे प्राणवायू संपवतात आणि पुढे वाढू शकत नाहीत, औषध लागत नाही. मात्र माल आधी नीट वाळलेला हवा, आणि पिशवीला उंदराने एक भोक पाडलं तरी उपयोग संपला.

आपल्या २०० पोत्यांसाठी तपासणीच्या तारखा सांगायच्या तर ठेवताना एकदा, मेअखेर एकदा, आणि जूनपासून दर पंधरा दिवसांनी. मेअखेरची सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण तेव्हा माल उत्तम दिसतो. पण वरच्या हिशेबात तेव्हा १०० माद्या होत्या. पावसाळ्याच्या आधी धुरी द्यायची असेल तर ती त्या आठवड्यात.